घरचे, बाहेरचे आणि मंगळवारचे

२४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकरने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध पुरुषांच्या एकदिवसीय क्रिकेटमधलं पहिलं द्विशतक ठोकलं, ते आमच्या ग्वाल्हेरला, कॅप्टन रूपसिंह स्टेडियममध्ये. आज ग्वाल्हेरमधला प्रत्येक इसम त्या दिवशी मैदानात हजर होता असं सांगतो. पण तो सामना त्याच दिवशी, त्याच गावात कोणी ठेवला, त्या माणसाचं नाव विचारा. कोणालाच ठाऊक नाही. वेळापत्रक करणाऱ्याचं हे नशीबच आहे. सगळं जमलं तर ते आपोआप जमलं, आणि बिनसलं की त्याचं नाव, पत्ता आणि सासुरवाडीसुद्धा बाजारभर होते.

माझी सासुरवाडी मुरारची आहे, हे खासगी बाजारात गेल्या काही महिन्यांत फार लोकांना कळलं आहे. कारण मोहल्ल्यांच्या क्रिकेट लीगचं वेळापत्रक माझ्याकडे आलं. का आलं, तर ‘तुमचे अक्षर चांगले आहे आणि तुम्ही रिटायर आहात.’

पुढच्या उदाहरणात मोहल्ल्यांची नावं खरी आहेत. संघ, मैदानं आणि भांडणं कागदावरची समजावीत, म्हणजे कोणी बॅट घेऊन दारात येणार नाही. संघ सहा: खासगी बाजार, जनकगंज, दाणाओली, शिंद्यांची छावणी, हजिरा आणि मुरार. मैदानं तीन, आणि एका मैदानाचे दोन-दोन धनी. खासगी बाजार-जनकगंज यांचं मैदान फक्त शनिवारी मिळतं. दाणाओली-छावणी यांचं रविवारी. हजिरा-मुरार यांचं मंगळवारी, कारण बाकीचे दिवस तिथे शाळेची पोरं असतात आणि शाळेची पोरं हटत नाहीत. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या घरी, एकदा त्याच्या. म्हणजे दुहेरी साखळी. दहा आठवडे, आठवड्याला तीन सामने, एकूण तीस.

‘त्यात काय कठीण आहे?’ असं विचारणारे लोक कमिटीत असतात. त्यांना कागद-पेन्सिल द्यावी आणि आपण शांतपणे पोहे खावेत. मन मानेल तसे सामने मांडत गेलं तर पहिले तीन आठवडे सुखाने जातात. चौथ्याला असं लक्षात येतं की जे दोन संघ अजून भेटले नाहीत, ते दोघंही दुसऱ्या कोणाला तरी कबूल झाले आहेत. मग खोडरबर निघतं, मग कमिटीच्या जुन्या गोष्टी निघतात.

या गुंत्यावरचा उपाय एकोणिसाव्या शतकातल्या थॉमस किर्कमन नावाच्या इंग्रज पाद्र्याच्या गणितातून आला असं मानतात. चर्चच्या कामातून त्याला एवढी फुरसत कशी मिळे कोण जाणे. आमच्याकडे हा उपाय जेवणाच्या टेबलावर झाला. सहा वाट्या घेतल्या आणि प्रत्येकीत एक चिठ्ठी टाकली. मुरारची वाटी मधोमध. बाकी पाच तिच्याभोवती गोल, घड्याळाच्या दिशेने: खासगी बाजार, जनकगंज, दाणाओली, छावणी, हजिरा. पहिल्या आठवड्यात पाळी खासगी बाजारची, म्हणून त्याची गाठ मधल्या मुरारशी. मग पाळीच्या वाटीच्या दोन बाजूंचे दोन शेजारी एकमेकांशी: जनकगंज आणि हजिरा. मग त्यांच्या पलीकडचे दोघं: दाणाओली आणि छावणी. झाले तीन सामने. दुसऱ्या आठवड्यात पाळी एक वाटी पुढे, जनकगंजकडे, आणि तोच खेळ. पाच आठवड्यांत पाळी सगळ्यांना फिरते आणि प्रत्येकजण प्रत्येकाला बरोबर एकदा भेटतो. खोडरबर लागत नाही. बायकोने विचारलं, ‘ह्या वाट्या रात्रीच्या जेवणाला मिळतील ना?’ मी म्हटलं, मिळतील, पण मुरारची हलवू नको. तेव्हा तिने पहिल्यांदा संशयाने बघितलं, कारण माहेर तिचं.

कोण कोणाशी, हे वाट्यांनी सांगितलं. कोणाच्या घरी, हा खरा तंटा.

इटलीत किंवा इंग्लंडात घरचा सामना म्हणजे तिकिटाचा गल्ला, त्यामुळे प्रत्येकाला घर हवं असतं. मोहल्ल्यात घरचा सामना म्हणजे खर्च. चुना तुमचा, बॉल तुमचा, अंपायर तुम्ही पकडून आणायचा आणि दोन्ही संघांना कचोरी-जिलबी तुम्ही घालायची. उलट बाहेरचा सामना म्हणजे खासगी बाजारातून मुरारपर्यंत टेम्पो, पण नाश्ता फुकट. त्यामुळे आमच्याकडे लागोपाठ दोन घरचे आले तर खजिनदार रडतो आणि लागोपाठ दोन बाहेरचे आले तर कॅप्टन. एकूण मागणी एवढीच, की एक घरी, एक बाहेर, एक घरी, एक बाहेर. सहाही संघांनी हे लेखी दिलं, आणि दाणाओलीने तर दोन प्रतींत.

हे होऊ शकत नाही. मी करत नाही असं नव्हे. कोणालाच करता येत नाही. लोझानचे गणिती डॉमिनिक द व्हेरा यांनी १९८१ च्या सुमाराला या प्रश्नाची नीट मांडणी केली, पण कारण इतकं सोपं आहे की नाक्यावरच्या पानवाल्यालाही पटलं. दोन संघांचा घरचा-बाहेरचा क्रम अगदी सारखा असेल, तर ते एकमेकांशी खेळणार कधी? एक घरी असतो तेव्हा दुसराही घरी. दोघंही चहा टाकून दाराकडे बघत बसणार. आणि एक बाहेर पडला तर दुसराही बाहेर, दोन्ही घरांना कुलूप. म्हणून सहा संघांचे क्रम सहा वेगवेगळे हवेत. आता काटेकोर आलटून-पालटून चालणारे क्रम जगात किती? दोनच. एक घरापासून सुरू होणारा आणि एक बाहेरून सुरू होणारा. म्हणजे जास्तीत जास्त दोन संघ सुखी. उरलेल्या चौघांचा क्रम कुठे तरी एकदा तुटणारच: लागोपाठ दोन घरचे किंवा दोन बाहेरचे. याला आपण ‘खोट’ म्हणू. सहा संघांच्या पाच आठवड्यांत किमान चार खोटी. त्याहून कमी करून देतो म्हणणारा माणूस कमिटीवर निवडून येईल, पण लीग भरवू शकणार नाही.

चारच खोटींत भागवायची युक्तीही वाट्यांतच आहे. पाळीच्या वाटीच्या दोन शेजाऱ्यांपैकी पुढच्या बाजूचा घरी, मागच्या बाजूचा बाहेर. पलीकडच्या जोडीत उलट: मागच्या बाजूचा घरी, पुढचा बाहेर. मधलं मुरार पहिल्या आठवड्यात घरी, दुसऱ्यात बाहेर, असं आलटून-पालटून. पहिला आठवडा असा निघतो: जनकगंजच्या घरी हजिरा, छावणीच्या घरी दाणाओली, मुरारच्या घरी खासगी बाजार. पाचही आठवडे मांडले की क्रम दिसतात. घरच्याला घ, बाहेरच्याला बा लिहू:

खासगी बाजार: बा बा घ बा घ
जनकगंज: घ घ बा घ बा
दाणाओली: बा घ बा बा घ
छावणी: घ बा घ घ बा
हजिरा: बा घ बा घ बा
मुरार: घ बा घ बा घ

हा कागद दोन-दोन ओळींनी वाचा. खासगी बाजार घरी असेल तेव्हा जनकगंज बाहेर, आणि उलट, पाचही आठवडे. दाणाओली-छावणीचं तसंच, हजिरा-मुरारचंही. म्हणजे ज्यांचं मैदान एक, त्यांचे क्रम बरोबर उलटे. त्यामुळे शनिवारच्या मैदानावर दर आठवड्याला एकच सामना, ना दोन ना शून्य. रविवारच्या मैदानाचं तेच, मंगळवारच्याचंही. मिलानमध्ये एसी मिलान आणि इंटर हे दोन हाडवैरी सान सिरो हे एकच स्टेडियम वापरतात, तिथे वेळापत्रकवाल्यांना त्या दोघांचे क्रम असेच उलटे ठेवावे लागतात. खासगी बाजार-जनकगंजला मी हे सांगितलं तेव्हा दोघांनाही आपण मिलान आहोत असं वाटलं, आणि एसी कोण यावर अर्धा तास गेला.

वाट्या मांडताना हेच बघावं लागतं. मैदानाचे भागीदार कागदावर उलट्या जोडीत बसले नाहीत, तर एका शनिवारी दोघंही आपापली कचोरी घेऊन त्याच मैदानावर हजर, आणि पुढच्या शनिवारी मैदान रिकामं. भाडं मात्र दोन्ही शनिवारांचं. तपास सोपा आहे. कागदाच्या प्रत्येक उभ्या रांगेत, प्रत्येक जोडीत, बरोबर एक घ असायला हवा. एवढं बोट फिरवून बघितलं की पुढची तीन भांडणं वाचतात.

आता दुसरी फेरी. पहिल्या पाच आठवड्यांचेच सामने, त्याच क्रमाने, फक्त घर बदलायचं. बऱ्याच ठिकाणी असंच करतात, कागदावर आरशात बघितल्यासारखं सुबक दिसतं, कमिटीने टाळ्या वाजवल्या. मग खासगी बाजारच्या कॅप्टनने दहा आठवड्यांची ओळ मोठ्याने वाचली: बा बा घ बा घ घ घ बा घ बा. पाचवा, सहावा, सातवा आठवडा सलग घरी. तीन शनिवार कचोरी! जनकगंजची ओळ उलटी, म्हणजे त्यांना सलग तीन वेळा टेम्पो. दाणाओली आणि छावणीच्या ओळींत तीन-तीन खोटी. आणि हजिरा, मुरार? शून्य. दहा आठवडे एकही खोट नाही. सासुरवाडीचा विषय पहिल्यांदा निघाला तो याच सभेत.

बेरीज करा: चार संघांना तीन-तीन, दोघांना शून्य. एकूण बारा.

उपाय एवढाच, की दुसऱ्या फेरीत पहिला आठवडा शेवटी ढकलायचा. सहाव्या आठवड्यात दुसऱ्याचे सामने उलटे, सातव्यात तिसऱ्याचे, असं करत नवव्यात पाचव्याचे, आणि पहिल्याचे थेट दहाव्यात. फ्रान्सच्या फुटबॉल लीगमुळे जाणकार याला फ्रेंच पद्धत म्हणतात. खासगी बाजारची ओळ आता होते: बा बा घ बा घ घ बा घ बा घ. सलग तीन गेले, खोटी दोन उरल्या. जनकगंजला दोन. दाणाओलीला दोन, छावणीला दोन. हजिराला दोन, आणि मुरारलाही दोन: पाचवा-सहावा घरी, नववा-दहावा बाहेर. बेरीज पुन्हा बाराच! माझ्या हातून एकूणात एकही खोट कमी झाली नाही, फक्त प्रत्येकाच्या पानात सारखी वाढली गेली. आणि मैदानाच्या जोड्या उलट्याच्या उलट्याच राहिल्या, म्हणून शनिवार, रविवार, मंगळवारालाही धक्का नाही.

खासगी बाजारचे लोक खूश झाले. त्यांना दोन खोटी आल्या म्हणून नव्हे, मुरारला दोन आल्या म्हणून.

मुरारहून त्याच रात्री मेहुण्याचा फोन आला. ‘जिजाजी, आमचं तर एकदम बढिया चाललं होतं. आमच्याशीच असं?’

मी म्हटलं, ‘अरे, सगळ्यांना दोन-दोन आहेत.’

‘पण त्यांच्या कमी झाल्या, आमच्या वाढल्या ना!’

याला गणितात उत्तर नाही.

अमेरिकेतल्या बेसबॉलच्या मोठ्या लीगचं वेळापत्रक दोन दशकांहून जास्त काळ हेन्री आणि हॉली स्टीफन्सन हे नवरा-बायको करत असत. हजारो सामने, स्टेडियमच्या तारखा, टीव्हीवाल्यांचे हट्ट. त्या दोघांपैकी कोणाचं माहेर बेसबॉलचा संघ असलेल्या गावात होतं का, हे मला फार जाणून घ्यायचं आहे.

यानंतर एक प्रकरण उरलं होतं, ते म्हणजे तारखा टाकणं. हे काम आमच्या सेक्रेटरीसाहेबांनी हौसेने घेतलं. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. कॅलेंडरचा आठवडा रविवारी सुरू होतो, म्हणून त्यांनी लीगचा आठवडाही रविवारी सुरू केला: रविवार, मंगळवार, शनिवार. कागदावर दर आठवड्याला प्रत्येक संघाचा एकच सामना, सगळं नियमात. पण जनकगंजचा दुसऱ्या आठवड्यातला सामना घरी मुरारशी, म्हणजे शनिवारी. तिसऱ्या आठवड्यातला छावणीत, म्हणजे रविवारी. कोणता रविवार? लगेच दुसऱ्या दिवशीचा! शनिवारी हाडं मोडून घ्या, रविवारी उरलेली आणा. आणि खासगी बाजारचा दुसऱ्या आठवड्यातला सामना दाणाओलीकडे रविवारी, पुढचा घरी शनिवारी. मध्ये तेरा दिवस. तेरा दिवसांत आमच्या विकेटकीपरचं लग्न ठरून साखरपुडा झाला असता.

सेक्रेटरीसाहेबांचं म्हणणं, ‘आठवडा तर रविवारीच सुरू होतो. कॅलेंडर छापणाऱ्याला तुम्ही शहाणपण शिकवणार?’ मी म्हटलं, छापणाऱ्याला त्याचं घर चालवायचं आहे, आपल्याला लीग. आपली मैदानं शनिवार, रविवार, मंगळवार. सगळ्यात मोठा रिकामा पट्टा बुधवार ते शुक्रवार. आठवड्याची वेस तिथे आणायची, म्हणजे आपला आठवडा शनिवारी सुरू आणि मंगळवारी संपला. मग तिन्ही सामने चार दिवसांच्या पट्ट्यात येतात. दोन सामन्यांत कमीत कमी अंतर किती? मंगळवारी खेळून पुढच्या शनिवारी, चार दिवस. जास्तीत जास्त? शनिवारी खेळून पुढच्या आठवड्याच्या मंगळवारी, दहा दिवस. एक आणि तेरा जाऊन चार आणि दहा आले, आणि त्यासाठी एकही सामना हलवला नाही, एकही मैदान मागितलं नाही. फक्त आठवडा कुठे कापायचा ते बदललं. जनकगंजला आता त्या दोन सामन्यांत आठ दिवस, खासगी बाजारला सहा.

फक्त हजिराला सुरुवातीलाच एकदा दहा आणि लगेच नंतर एकदा चार आले: पहिला सामना शनिवारी जनकगंजकडे, दुसरा मंगळवारी घरी, तिसरा शनिवारी खासगी बाजारात. हजिराचा माणूस म्हणाला, ‘सरासरी सात पडते, आम्हाला मंजूर.’ इतका समंजस माणूस कमिटीत टिकत नाही.

प्रो कबड्डीने यातून एक वेगळीच पळवाट काढली होती: सगळा तांडाच एका शहरात न्यायचा, तिथल्या संघाचे घरचे सामने रोज रात्री उरकायचे आणि तंबू पुढच्या शहरात. टीव्हीला सोयीचं, स्टेडियमचं बुकिंग एका झटक्यात. पण घरचा संघ लागोपाठ रात्रींना मॅटवर, पाय जड, आणि नेमकं घरच्या लोकांसमोर हरायचं. हे मी कमिटीला सुचवून बघितलं. ‘म्हणजे सगळी कचोरी एकाच आठवड्यात?’ खजिनदार उठूनच गेला.

आणि आता जे सांगतो ते मी कमिटीत सांगितलेलं नाही. एका रात्री सगळे झोपल्यावर मी मधली वाटी उचलली. मुरार नाही असं धरलं. उरले पाच संघ. दर आठवड्याला पाळीच्या वाटीला जोडीदार नाही, म्हणून तिला बाय, म्हणजे सुट्टी. वरच्या कागदावरून पहिल्या फेरीतले मुरारचे सामने खोडून बघा. खासगी बाजार: सुट्टी, बा, घ, बा, घ. जनकगंज: घ, सुट्टी, बा, घ, बा. दाणाओली: बा, घ, सुट्टी, बा, घ. छावणी: घ, बा, घ, सुट्टी, बा. हजिरा: बा, घ, बा, घ, सुट्टी. सुट्टी बाजूला काढून वाचलं तर एकाही ओळीत खोट नाही. पहिल्या फेरीतल्या चारही खोटी मुरारशी होणाऱ्या सामन्याला चिकटून होत्या, आणि मुरारची स्वतःची ओळ तेवढी चकचकीत सरळ. लीगमध्ये संघांची संख्या विषम असली की सगळेच्या सगळे आलटून-पालटून खेळू शकतात; भानगड आहे ती सम संख्येची.

हे मी सहज फोनवर बोललो. मेहुणा क्षणभर गप्प बसला आणि म्हणाला, ‘म्हणजे जिजाजी, आम्ही बाहेर पडलो तर सगळे खूश?’

‘पहिल्या फेरीपुरतं तरी.’

‘मग घ्या आमचं नाव मागे!’

बातमी सकाळी दूधवाल्याच्या आधी बाजारात पोचली. खासगी बाजारने आनंदाने पेढे मागवले. जनकगंजने हिशेब केला की दर आठवड्याला एक संघ रिकामा बसणार, आणि दोन फेऱ्यांत दहाऐवजी आठच सामने मिळणार. पण पेढे त्यांनीही घेतले. दुपारी हजिराचा तो समंजस माणूस आला. त्याने एकच विचारलं, की मंगळवारच्या मैदानाचं मुरारच्या वाट्याचं निम्मं भाडं आता कोण भरणार.

पाचही कॅप्टन एकमेकांकडे बघत राहिले. संध्याकाळी खासगी बाजारचे दोन प्रतिष्ठित उरलेले पेढे घेऊन टेम्पोने मुरारला गेले, माझ्या सासऱ्यांना भेटायला.